सोमवारच्या मॉर्निंग मीटिंगमध्ये काय बोलू?

*ताई, नमस्कार. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात मी क्वालिटीत आहे. वय ३९. ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांसाठी मागच्या जुलैपासून रजेवर होते. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं आणि आता पुढच्या सोमवारी रुजू होतेय. डिपार्टमेंटमध्ये माझ्याखेरीज नऊ जण आहेत, त्यातले पाच माझ्या मागे आलेले. त्यांना मी पाहिलेलंही नाही. ज्याला मी बोअर गेज धरायला शिकवलं तो आता आमचा सेक्शन इनचार्ज आहे. मुलगा चांगला आहे. त्याचाच फोन आला, "मॅडम, मॉर्निंग मीटिंगमध्ये दोन मिनिटं तुमची ओळख करून द्या." चौदा वर्षं तिथे काढल्यावर ओळख कसली द्यायची? तरी लिहून बघितलं:*

*"नमस्कार. मी या कंपनीत चौदा वर्षं आहे. या लाइनचं पहिलं पीपॅप मीच केलं. मागचं वर्ष माझ्यासाठी फार कठीण होतं, पण तुमच्या सगळ्यांच्या शुभेच्छांमुळे मी पुन्हा उभी राहिले. इतके महिने येऊ शकले नाही त्याबद्दल क्षमस्व. आता पूर्ण ताकदीने कामाला लागणार आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या."*

*बरं आहे का हे? आणि आजाराचं नाव घ्यावं की नको?*

*– क्वालिटीवाली, चाकण*

तुमचा मजकूर मी त्या पाच नव्यांच्या जागी उभी राहून वाचला. त्यातल्या सगळ्यात नवख्या, समजा चार महिन्यांपूर्वी लागलेल्या डिप्लोमा ट्रेनीला यातून काय कळेल? या मॅडम जुन्या आहेत आणि त्यांचं काहीतरी मोठं दुखणं झालं, एवढंच. त्याच्या लाइनवर एखादा पीस अडला तर तो घेऊन तुमच्याकडे यायचं की नाही, हे कळणार नाही. तुम्ही त्याच्या वरच्या की बरोबरीच्या, तेही नाही. हे भाषण जुन्या चौघांसाठी लिहिलेलं आहे, आणि त्या चौघांना तुमच्या ओळखीची गरजच नाही.

आता एकेक वाक्य घेऊ. "तुमच्या सगळ्यांच्या शुभेच्छांमुळे" हे नव्यांना लागू होत नाही. ज्यांनी शुभेच्छा दिल्याच नाहीत ते उगाच अवघडून उभे राहतील. जुन्या चौघांपैकी कोणी घरी डबा पोचवला असेल, रक्ताची सोय केली असेल, तर त्यांना वेगळं गाठून नावानिशी आभार माना. "क्षमस्व" काढून टाका. आजारपणाची रजा मंजूर होऊन घेतलेली असते, तिची माफी मागायची नसते. शिवाय तुम्ही माफी मागितलीत की समोरच्यांना "अहो मॅडम, असं काय बोलता" म्हणावं लागतं. शिफ्ट सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना नऊ माणसांवर तो भार कशाला टाकायचा?

"पूर्ण ताकदीने" हे मात्र मी धोक्याचं वाक्य म्हणेन. तुम्ही रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट देणार, त्यावर बहुतेक वेळा काही अटी असतात: इतके आठवडे रात्रपाळी नको, अमुक किलोवर वजन नको. काखेतले लिम्फ नोड काढलेले असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो, म्हणून त्या हाताबद्दल डॉक्टरांनी तुम्हाला वेगळ्या सूचना दिल्या असतील. तुमच्या कागदावर नेमकं काय आहे ते तुम्हालाच माहीत. पण सकाळी सगळ्यांसमोर "पूर्ण ताकदीने" म्हणालात आणि दुपारी कोणी सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या मशीनवर, लावायचं जड फिक्श्चर तुमच्या हातात दिलं, तर "मला उचलायला मनाई आहे" हे तुम्हाला तेव्हा ओशाळून सांगावं लागेल. किंवा तुम्ही ते सांगणारच नाही आणि उचलाल. भाषणातल्या वाक्याला जागण्यासाठी वजन उचलणारी माणसं मी पाहिली आहेत. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पर्सोनेल विभागांत बरीच वर्षं काढल्यामुळे हे सांगते.

"सांभाळून घ्या" हे आपल्याकडे नम्रपणाने म्हटलं जातं, लग्नाच्या बैठकीत शोभतंही. पण तुम्ही क्वालिटीत आहात. तुमच्या सहीवर लॉट सुटतो किंवा थांबतो. तुमची चूक समोरच्याने सांभाळून घेतली तर तो पीस कस्टमरकडे जाईल. तुम्हाला नेमकं उलट हवंय: चूक दिसली की त्यांनी तिथल्या तिथे बोलावं. म्हणून तसंच म्हणा.

राहिलं पीपॅपचं, म्हणजे नवा पार्ट सुरू करताना कस्टमरची मंजुरी घ्यायच्या फाइलचं वाक्य. ते ठेवायचं, फक्त त्याचं तोंड फिरवायचं. "पहिलं पीपॅप मीच केलं" यात मोठेपणा ऐकू येतो. "या लाइनच्या सुरुवातीच्या फाइल माझ्या हातच्या आहेत, एखादं मापन तसं का ठरवलं हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही तर मला विचारा" यात उपयोग ऐकू येतो. माहिती तीच आहे, पण नव्या माणसाला तुमच्याकडे यायला कारण मिळतं.

परतणाऱ्या माणसाची ओळख नवीन लागलेल्या माणसासारखी नसते, ती याच ठिकाणी वेगळी होते. नव्या माणसाला काही माहीत नसतं आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्हाला पुष्कळ माहीत आहे, पण त्यातलं काही शिळं झालंय आणि कुठलं शिळं झालंय हे तुम्हालाही अजून कळलेलं नाही. एक उदाहरण घेते. समजा तुमच्या वेळी एका हाउसिंगचा २२ मिलिमीटरचा बोअर एच-सेव्हन होता, म्हणजे वरच्या बाजूला २१ मायक्रॉनपर्यंत चालायचा. तुम्ही रजेवर असताना कस्टमरने ड्रॉइंगचं रेव्हिजन बदललं आणि तोच बोअर एच-सिक्स केला. आता मर्यादा १३ मायक्रॉन. मंगळवारी तो ट्रेनी तुमच्यासमोर पीस धरतो, "मॅडम, सतरा दाखवतंय." तुमच्या डोक्यात एकवीस पक्कं बसलंय. तुम्ही म्हणता, "चालतो रे." तो मनात म्हणतो, चौदा वर्षांच्या मॅडम म्हणाल्या म्हणजे चालत असेल. आणि पीस पुढे जातो. इथे तुमचा अनुभवच घात करतो, कारण त्यावर विश्वास ठेवून तो कुठलं माप कितीपर्यंत चालतं ते लिहिलेला कंट्रोल प्लॅन उघडत नाही.

म्हणून ओळखीतलं सगळ्यात कामाचं वाक्य हे असेल: "माझी माहिती मागच्या जुलैपर्यंतची आहे." त्याला जोडून, "मी तोंडी काही सांगितलं तरी आधी चालू ड्रॉइंग आणि कंट्रोल प्लॅन बघा." यात कमीपणा नाही. जिला स्वतःच्या माहितीची तारीख ठाऊक आहे तिचा शब्द ऑडिटमध्येही टिकतो.

हे बोलण्याआधी शनिवारपर्यंत इनचार्जला एक फोन करा. त्याच्याकडून काही गोष्टी कळल्याशिवाय ओळख लिहिताच येणार नाही. पहिली गोष्ट, टीमला तुमच्याबद्दल आधी काय सांगितलंय. कुठे "मॅडम मेडिकल लीव्हवर आहेत" एवढंच सांगितलेलं असतं, कुठे सगळं सांगून झालेलं असतं. दुसरी, सोमवारपासून तुमचं काम कोणतं. "बघू हळूहळू" हे उत्तर घेऊ नका. इनकमिंग, लाइन की कस्टमर कम्प्लेंट, निदान पहिल्या महिन्यापुरतं तरी ठरवून घ्या. तिसरी गोष्ट फार जण विसरतात: सोमवारी तुमची सही चालते का? लांब रजेवर गेलेल्या माणसाचं नाव अधिकृत सह्यांच्या यादीतून काढलेलं असतं, सॅपचं लॉगिन बंद पडलेलं असतं. काही कारखान्यांत इन्स्पेक्शनला परत घेण्याआधी पुन्हा ट्रेनिंग आणि डोळ्यांची तपासणी नोंदवावी लागते. सही चालू नसेल तर ते सोमवारी सगळ्यांना कळलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणीतरी सवयीने टॅग तुमच्यापुढे धरेल आणि तुम्हीही सवयीने पेन काढाल. आणि तुमच्या फाइल एवढे महिने कोणी सांभाळल्या ते नावासकट विचारून घ्या.

याच फोनवर हाक मारण्याचा प्रश्नही मिटवा. तुम्ही त्याला आजवर "अरे" म्हणत आलात, तो तुम्हाला "मॅडम, अहो". आता तो तुमचं काम ठरवणार, तुमची रजा मंजूर करणार. सगळ्यांसमोर "काय रे, ते रिजेक्शनचं काय झालं" असं तुमच्या तोंडून गेलं तर नवीन पाच जणांना कळत नाही की इथे नक्की कोणाचं चालतं. उलट तुम्ही एकदम "सर" म्हणू लागलात तर त्याला टोमणा वाटेल. माझं मत असं: मीटिंगमध्ये आणि नव्या माणसांसमोर त्याचं नाव आणि "तुम्ही". चहाला दोघंच असाल तेव्हा जुनं "अरे" राहू दे, त्याची हरकत नसेल तर. हे त्याला तुम्हीच विचारा. तो लहान आहे, विचारायला तो संकोचेल. एकदा ठरलं की ओळखीतच त्याच्या नावाने एक वाक्य टाका, की माझं रिपोर्टिंग आता यांच्याकडे आहे. हे तुमच्या तोंडून आलं की त्याला स्वतःला ते कधी सिद्ध करत बसावं लागत नाही.

आता आजाराचं नाव. कागदपत्रं आणि डॉक्टरांचं पत्र एचआर आणि कंपनी डॉक्टरकडे, त्यांच्या पुढे ते जायचं कारण नाही. कामाच्या अटी इनचार्जला, कारण काम तो वाटतो. टीमला तेवढंच, जेवढ्याने रोजचं काम चालेल. नाव घ्यायचं की नाही हे सर्वस्वी तुमचं, आणि "आजारपणाच्या रजेवर होते" एवढं सांगून थांबलात तर कोणालाही पुढे विचारायचा हक्क राहत नाही. पण मला विचारलंत म्हणून सांगते: जुन्या चौघांना माहीत असेल तर नव्यांना ते सोमवारी दुपारपर्यंत कँटीनमध्ये कळणारच, तेही कुजबुजीतून आणि मीठमसाला लावून. अशा वेळी मी असते तर नाव एकदा, सपाट आवाजात, स्वतःच घेतलं असतं आणि लगेच कामाच्या वाक्यावर गेले असते. केस अजून बारीक असतील, तर तेही आपोआप समजून जातं आणि विगबद्दलचे प्रश्न कमी होतात.

नाव घ्या किंवा घेऊ नका, "आता मी पूर्ण बरी आहे" हे मात्र म्हणू नका. पहिली काही वर्षं तुम्हाला दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागेल, आणि गाठ हॉर्मोनला प्रतिसाद देणारी असेल तर गोळ्या पाच वर्षं किंवा जास्त चालतात. "पूर्ण बरी" म्हणालात आणि सप्टेंबरमध्ये तपासणीसाठी एक दिवस सुट्टी टाकलीत, की लगेच चेहरे पडतील, "परत झालं की काय?" त्यापेक्षा आधीच सांगून ठेवा की तपासणीला मधूनमधून एखादा दिवस जाईन. मग ती सुट्टी इतर कोणाच्याही सुट्टीसारखी जाईल.

हे सगळं धरून मजकूर मी असा केला आहे. जिथे नाव लिहायचं आहे तिथे "अमुक" ठेवलंय, आणि तुमचं काम कस्टमर कम्प्लेंटचं आणि त्यांना उत्तर म्हणून लिहायच्या एट-डी रिपोर्टचं ठरलं, सही अजून सुरू नाही आणि वजनाला, रात्रपाळीला मनाई आहे असं धरलंय.

"नमस्कार, मी अमुक. जुन्यांना माहीत आहे, नवीन पाच जणांशी आज पहिल्यांदा भेट होतेय. मागच्या जुलैपासून मी कॅन्सरच्या उपचारांसाठी रजेवर होते. मुख्य उपचार झाले आहेत, तपासणीसाठी मधूनमधून एखादा दिवस जाईन, तो आधी सांगून जाईन. आजपासून मी कस्टमर कम्प्लेंट आणि एट-डी रिपोर्ट बघणार आहे. माझं रिपोर्टिंग अमुक यांच्याकडे आहे. माझ्या मागे या फाइल अमुक यांनी सांभाळल्या, या आठवड्यात मी त्यांच्याकडून त्या समजून घेतेय. या लाइनच्या सुरुवातीच्या फाइल माझ्या हातच्या आहेत, जुनं काही अडलं तर मला विचारा. पण माझी माहिती जुलैपर्यंतची आहे. मी तोंडी काही सांगितलं तरी आधी चालू ड्रॉइंग बघा, आणि माझं चुकत असेल तर तिथेच सांगा. माझी सही अजून सुरू झालेली नाही, तोपर्यंत लॉट रिलीजसाठी अमुक यांच्याकडेच जा. काही आठवडे मी वजन उचलणार नाही, रात्रपाळीही करणार नाही. आता तुमची नावं आणि तुम्ही काय बघता ते सांगाल का?"

बोलून बघा, मिनिटभरात होतं. दोन मिनिटं मिळाली आहेत म्हणून दोन मिनिटं भरायची नसतात. उरलेलं मिनिट त्यांना द्यायचं म्हणून शेवटचं वाक्य तसं आहे. तुम्ही एकटीनेच बोलायचं आणि नऊ जणांनी नुसतं तुमच्याकडे बघायचं, असं होण्यापेक्षा गोलात एकेकाने नाव आणि काम सांगितलेलं बरं. खिशातल्या डायरीत लिहून घ्या. लिहिताना "कुठले तुम्ही? आडनावावरून साताऱ्याकडचे वाटता" ही आपली सवय मात्र आवरा. गाव, आडनाव, पाहुणेरावळे चहाच्या वेळी निघतीलच. सकाळच्या त्या गोलात ती विचारपूस नव्या मुलाला तपासणी वाटते.

जागेचंही ठरवा. मीटिंगच्या शेवटी बोलायला सांगितलं तर नको म्हणा. तोवर कालचे रिजेक्शनचे आकडे वाचून झालेले असतात, कोणाला तरी बोल बसलेले असतात आणि पाय लाइनकडे वळलेले असतात. सेफ्टीचा मुद्दा झाला की लगेच, आकड्यांच्या आधी, तुमची वेळ मागून घ्या. कंप्रेसरपासून लांब उभ्या राहा. केमोनंतर आवाजाला जोर नसेल तर ओरडून बोलण्यापेक्षा गोल जवळ घ्यायला सांगा. आणि कागद हातात ठेवायला लाजू नका. केमोनंतर काही महिने नावं आणि शब्द ऐनवेळी आठवत नाहीत असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं.

ओळख पोचली की नाही ते पहिल्या आठवड्यातच कळेल. मोजमापावरून वाद झाला की नवी मुलं कोणाकडे जातात ते बघा. तुमच्या कामाचा विषय असून ती तुम्हाला वळसा घालून जात असतील तर त्यांना अजून वाटतंय की मॅडमना त्रास देऊ नये. मग तुम्ही होऊन त्यांच्या टेबलाशी जा आणि एखादी चालू तक्रार दाखवायला सांगा. उलटंही होऊ शकतं. जुन्यांपैकी कोणीतरी जवळ येऊन म्हणेल, "मॅडम, तुम्ही होतात तेव्हा असं नव्हतं." हे ऐकायला गोड लागतं. पण त्यात बहुतेक वेळा इनचार्जविरुद्धची तक्रार असते आणि तुम्हाला तिच्यात ओढायचं असतं. "मला अजून आत्ताचंच समजून घ्यायचंय, हे तुम्ही त्यांच्याशीच बोला" असं म्हणून विषय तिथेच सोडा. तुमच्याही तोंडून महिनाभर तरी "पूर्वी आपण असं करायचो" निघू देऊ नका. पूर्वीचं खरंच चांगलं असेल तर ते प्रश्न म्हणून विचारा: "हे गेज कधी बदललं, काय कारण होतं?" कित्येकदा त्यामागे एखादी कस्टमर कम्प्लेंट निघते, जी तुम्ही नसताना आली होती.

आणि कोणीतरी मावशीची, आत्याची कॅन्सरची गोष्ट घेऊन येईलच, तीही शेवट वाईट असलेली. आपल्याकडे लोक असंच सांत्वन करतात, त्याला इलाज नाही. "तुम्ही बघितलंय म्हणजे तुम्हाला कळेलच, आत्ता मात्र मला कामात डोकं घालू द्या," असं म्हणून सरळ हातातल्या फाइलकडे वळा.

जुन्या चौघांनी केक किंवा पेढे आणायचं ठरवलं असेल तर इनचार्जला आधीच सांगून ठेवा: ते जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये. सकाळच्या मीटिंगमध्ये नको.